लांबट अरुंद चेहरा, बारीक केस आणि मोठं कपाळ: कोणता कट घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा चेहरा खरंच लांबट आहे, की मला तसा वाटतो?

सेल्फी बघून ठरवू नका. मोबाईल हातभर अंतरावर असला की नाक पुढे येतं, कान आणि गाल मागे सरकतात आणि कोणाचाही चेहरा आहे त्यापेक्षा निमुळता दिसतो. केस मागे घट्ट बांधा, मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर दीड-दोन मीटर लांब ठेवा आणि टायमर लावून फोटो काढा. त्याहून चांगलं म्हणजे शिवणकामाची टेप घेऊन मोजा.

दोन मापं लागतात. पहिलं, केस जिथून सुरू होतात तिथपासून हनुवटीच्या टोकापर्यंतची सरळ उंची. दुसरं, एका गालफडाच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंतची रुंदी. टेप चेहऱ्यावर गुंडाळू नका, समोर सरळ ताणून धरा. उंची रुंदीच्या दीडपटीहून जास्त भरली तर चेहरा लांबट धरायचा.

कपाळासाठी त्याच उंचीचे तीन भाग पाडा: केसांच्या रेषेपासून भुवईपर्यंत, भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत आणि तिथून हनुवटीपर्यंत. तिन्ही साधारण सारखे असतील तर कपाळ मोठं नाही. वरचा भाग बाकी दोघांपेक्षा एखादा सेंटीमीटर जास्त असेल तर चेहऱ्याची लांबी मुख्यतः कपाळातून येते आहे. हे कळणं फार उपयोगाचं आहे, कारण मग फ्रिंजने, म्हणजे कपाळावर सोडलेल्या आखूड केसांनी किंवा बँग्सनी, निम्मं काम होतं. लांबी हनुवटीतून येत असेल तर फ्रिंजपेक्षा केस कुठे संपतात याला जास्त महत्त्व असतं.

केस बारीक असणं आणि विरळ असणं यात फरक काय?

बारीक म्हणजे प्रत्येक केसाची जाडी कमी. विरळ म्हणजे डोक्यावर केसांची संख्या कमी. बारीक केस भरपूर असू शकतात आणि जाड केस विरळ असू शकतात.

गळलेला एक केस मशीनच्या साध्या शिलाईच्या दोऱ्याशेजारी पांढऱ्या कागदावर ठेवा. दोऱ्याच्या मानाने तो फारच नाजूक दिसला आणि अंगठा-तर्जनीत फिरवताना जवळजवळ जाणवलाच नाही, तर केस बारीक आहेत. दाट की विरळ हे बघायला पोनी बांधून तिचा घेर मोजा. पाच सेंटीमीटरपेक्षा कमी घेर म्हणजे विरळ, पाच ते दहा म्हणजे मध्यम.

केसाच्या जाडीचा त्याच्या ताठपणावर मोठा परिणाम होतो. ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. म्हणजे ८० मायक्रॉन जाडीचा केस ५० मायक्रॉनच्या केसापेक्षा सुमारे साडेसहा पट ताठ असतो. म्हणूनच बारीक केस मुळापाशी उभे राहत नाहीत, लगेच डोक्याला चिकटतात आणि गालांच्या बाजूला जिथे फुगवटा हवा तिथेच सपाट पडतात.

मग या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की नेमकी अडचण कुठे येते?

अडचण अशी, की तीन वेगवेगळे सल्ले एकमेकांना छेद देतात. चेहरा लांबट असेल तर लेयर्स घ्या, म्हणजे बाजूने केस फुलतील, असं सांगतात. कपाळ मोठं असेल तर दाट बँग्स घ्या. केस बारीक असतील तर एकाच लांबीचा ब्लंट कट घ्या आणि डोक्यावर उंची द्या. तिन्ही एकदम केलं तर लेयर्समुळे टोकं विरळ होतात, बँग्ससाठी पुढचे केस गेल्यामुळे कानांजवळ काही उरत नाही आणि डोक्यावरच्या उंचीमुळे चेहरा आणखी लांब दिसतो.

आमचं मत स्पष्ट आहे. केसांचं जे काही घनफळ तुमच्याकडे आहे ते डोक्यावर खर्च करायचं नाही, ते गालफडांपासून जबड्यापर्यंतच्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना आणायचं. कपाळासाठी कमीत कमी केस वापरायचे. आणि खालची कड बोथट, भरीव ठेवायची. पुढची सगळी उत्तरं याच हिशोबाने दिली आहेत.

लांबी किती ठेवावी?

सर्वांत सोयीची जागा म्हणजे हनुवटीखाली तीन-चार सेंटीमीटरपासून गळ्याच्या हाडाच्या जरा वरपर्यंत. पार्लरमध्ये याला लॉब म्हणतात. एकाच रेषेत कापलेले केस शेवटाकडे सर्वांत भरीव दिसतात, त्यामुळे ती कड मान आणि जबड्याजवळ आली की चेहऱ्याच्या खालच्या भागाला रुंदी मिळते.

बरोबर हनुवटीवर कड आणू नका. नजर नेमकी तिथेच अडकते आणि हनुवटी आणखी टोकदार वाटते. आखूड बॉब हवा असेल तर तो ओठांच्या पातळीवर संपवा, टोकं किंचित बाहेर किंवा सरळ राहू द्या. मान लांब आणि बारीक असेल तर बॉबपेक्षा लॉब बरा.

कंबरेपर्यंत पोचणारे सरळ, बारीक केस या चेहऱ्यावर सर्वांत कमी शोभतात. दोन्ही बाजूंनी दोन उभ्या रेषा पडतात आणि त्यांच्यामधला चेहरा आणखी ओढल्यासारखा दिसतो.

स्टेप कट, लेयर कट, व्ही कट यातलं काय घ्यावं?

यांतलं काहीच नको. स्टेप कटमध्ये वरचा थर आखूड होतो, तो डोक्यावर बसतो आणि खाली उरलेले मोजके केस शेपटीसारखे लोंबतात. व्ही कटमध्ये मधलं टोक लांब राहतं आणि कडेचे केस कमी होतात, म्हणजे जिथे हवेत तिथूनच ते जातात. जाड केसांवर हे कट सुंदर दिसतात, म्हणूनच पार्लरमध्ये सरसकट सुचवले जातात.

लेयर्स हव्यातच असतील तर फक्त चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या पुढच्या बटांना द्या. पहिली पायरी गालफडाच्या हाडावर, शेवटची जबड्यावर. कानाच्या मागचे सगळे केस एकाच लांबीत राहू द्या. आणि थिनिंग कात्री, म्हणजे कंगव्यासारखे दात असलेली कात्री, लावू देऊ नका. ती जाड केस हलके करण्यासाठी असते. बारीक केसांवर तिने आत असंख्य आखूड केस तयार होतात, ते दमट हवेत भुरभुरतात आणि बाहेरची कड फाटल्यासारखी दिसते. वस्तऱ्याने कापलेली टोकंही बारीक केसांत लवकर दुभंगतात.

कपाळ झाकायला दाट सरळ बँग्स घेऊ का?

दिसायला परिणाम जोरदार असतो. भुवईपर्यंतची दाट झालर कपाळाचा बराचसा भाग झाकते आणि चेहरा एकदम आखूड वाटतो. पण तिला केस फार लागतात. ती भरीव दिसावी म्हणून टाळूच्या मागून आणि कानशिलांवरून केस पुढे ओढावे लागतात. अरुंद चेहऱ्याला कानशिलाजवळच्या केसांची गरज सर्वांत जास्त असते, तेच कापले गेले की चेहऱ्याच्या दोन्ही कडा उघड्या पडतात. शिवाय बारीक केसांची सरळ झालर घाम आला की तासाभरात तीन-चार बटांत फुटते आणि मधून कपाळ डोकावतं.

म्हणून बहुतेकींना कर्टन बँग्स बऱ्या पडतात. मध्ये किंवा किंचित बाजूला दुभागलेली, डोळ्याच्या खालच्या कडेपाशी सर्वांत आखूड आणि गालफडाकडे लांब होत जाणारी फ्रिंज. ती कपाळाच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांना झाकते, मध्ये थोडी जागा उघडी सोडते आणि तिची टोकं गालफडावर बाहेर वळतात. म्हणजे तेच थोडे केस कपाळही झाकतात आणि रुंदीही देतात. केस मोजकेच असताना हे फार मोलाचं आहे.

दुसरा पर्याय तिरक्या फ्रिंजचा. बाजूच्या भांगातून निघून कपाळावरून आडवी जाणारी आणि दुसऱ्या गालफडावर संपणारी. कपाळ फार मोठं नसेल किंवा चष्मा असेल तर ही सांभाळायला सोपी जाते.

कर्टन बँग्ससाठी किती केस घ्यायचे आणि कुठे कापायचे?

इथेच बहुतेक चुका होतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

डोक्याच्या मध्यरेषेवर कंगवा आडवा टेकवा. पुढे सरकताना जिथे डोकं कपाळाकडे उतरू लागतं, तिथे कंगव्याचं पुढचं टोक डोक्यापासून सुटतं. फ्रिंजच्या त्रिकोणाचं मागचं टोक त्या जागेच्या मागे जाता कामा नये. बारीक केसांत ते केसांच्या रेषेपासून साधारण तीन ते चार सेंटीमीटर मागे ठेवावं. त्रिकोणाची पुढची दोन टोकं भुवयांच्या बाहेरच्या टोकांच्या सरळ वर. त्यापलीकडे एकही केस घ्यायचा नाही. बाकीचे सगळे केस क्लिपने मागे बांधून टाका, म्हणजे चुकून कानशिलाची बट कात्रीत येणार नाही.

केस ओले असताना ओढून धरू नका, नुसते विंचरून सोडा. पहिला काप नाकाच्या शेंड्याच्या पातळीवर. वाळल्यावर आणि वळण दिल्यावर केस सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर वर चढतात, नैसर्गिक लाट असेल तर त्याहून जास्त. मग त्रिकोण मधोमध दुभागून प्रत्येक अर्धा भाग विरुद्ध बाजूला नेऊन तिरका कापायचा, म्हणजे आतली बाजू आखूड आणि बाहेरची लांब राहते. शेवटी कात्री उभी धरून फक्त टोकांचे शेवटचे पाच-सहा मिलिमीटर मऊ करायचे. त्याहून खोल गेलं की फ्रिंज विरळ होते.

पूर्ण वाळवून बघितल्याशिवाय दुसरा काप घेऊ नका. ओल्या केसांवर भुवईच्या पातळीला कापलेली फ्रिंज वाळल्यावर कपाळाच्या मध्यावर येते आणि ती खाली यायला महिने लागतात. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटरच वाढतात.

कपाळाच्या रेषेवर भोवरा आहे. तरी फ्रिंज जमेल का?

आधी तपासा. केस धुऊन काहीही न लावता, न विंचरता हवेवर वाळू द्या आणि पुढची बट कुठे उडी मारते ते बघा. भोवरा मधोमध असेल आणि केस वरच उभे राहत असतील तर सरळ बँग्स कधीच खाली बसणार नाहीत. कर्टन बँग्सचा दुभाग मात्र भोवऱ्याच्या जागीच पाडता येतो, मग तो अडचण न राहता मुळाशी उभारी देतो.

भोवरा एका बाजूला असेल तर फ्रिंज एखाद सेंटीमीटर लांब ठेवा. वाळवताना मुळं ओली असतानाच ड्रायरचं तोंड वरून खाली धरून केस एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे सपाट ब्रशने आळीपाळीने घासत न्या. एकाच दिशेने वाळवलं तर भोवरा जिंकतो.

भांग मधून पाडावा की बाजूने?

मधला भांग चेहऱ्याच्या मध्यावरून जाणाऱ्या उभ्या रेषेला वर वाढवतो. फ्रिंज नसेल तर तो टाळाच. भुवईच्या कमानीच्या वर, म्हणजे मध्यापासून दोन-तीन सेंटीमीटर बाजूला भांग पाडा. फार खाली, जवळजवळ कानाजवळ पाडलेला भांग मात्र एका बाजूला केस ओततो आणि दुसरी बाजू रिकामी करतो.

वर्षानुवर्षं एकाच जागी भांग असेल तर तिथले केस दोन्ही बाजूंना सपाट बसलेले असतात. भांग नुसता सेंटीमीटरभर सरकवला तरी मुळं उभी राहतात. पहिले आठवडाभर केस जुन्या जागी पडायला बघतात, ते ओले असतानाच नव्या भांगात क्लिपने धरून ठेवावेत.

एखाद्या चेहऱ्यावर हे सगळं प्रत्यक्षात कसं लावायचं?

समजा कपाळापासून हनुवटीपर्यंत उंची २० सेंटीमीटर आणि गालफडाची रुंदी १२.६ सेंटीमीटर आहे. गुणोत्तर १.५९, म्हणजे चेहरा लांबट. तीन भाग असे: कपाळ ७.५, मधला ६.२, खालचा ६.३. लांबी स्पष्टपणे कपाळातून येते आहे. पोनीचा घेर साडेपाच सेंटीमीटर, केस बारीक, जवळजवळ सरळ, पाठीच्या मध्यापर्यंत. शेवटचे १५ सेंटीमीटर इतके विरळ की ब्लाउजचा रंग त्यातून दिसतो.

पहिली गोष्ट, ती विरळ टोकं जाऊ द्यायची. नुसती विरळ टोकं काढली तर केस खांद्यांच्या मागे पडतात आणि चेहऱ्याला काही मदत करत नाहीत, म्हणून कड आणखी वर, हनुवटीखाली पाच सेंटीमीटरवर आणायची. मान सरळ ठेवून, केस चार भागांत वाटून, मानेकडून एकेक पातळ थर खाली सोडत एकाच रेषेत कापायचं. वरचा थर बोटांत उचलून कापला तर नकळत लेयर तयार होतो, म्हणून कंगव्याने खाली दाबून धरायचं.

फ्रिंजचा त्रिकोण साडेतीन सेंटीमीटर खोल, भुवयांच्या बाहेरच्या टोकांइतका रुंद. वाळल्यावर मध्यभागी लांबी केसांच्या रेषेपासून साधारण १० सेंटीमीटर, म्हणजे डोळ्याच्या खालच्या कडेजवळ. बाहेरची टोकं गालफडाच्या हाडाखाली. तिच्या लगत प्रत्येक बाजूला बोटभर रुंदीची एकच बट ओठांच्या पातळीला, फ्रिंज आणि कड यांना जोडण्यासाठी. बाकी कुठेही कात्री नाही.

आता कपाळाचे दोन्ही वरचे कोपरे झाकले गेले, उघडी राहिलेली जागा मध्ये एका निमुळत्या उलट्या व्हीएवढी. फ्रिंजची टोकं गालांजवळ बाहेर वळतात आणि खालची भरीव कड जबड्याखाली आडवी रेषा देते. समोरून फोटो काढा. गालफडाच्या पातळीवर दोन्ही बाजूंना चेहऱ्याबाहेर दोन-अडीच सेंटीमीटर केस दिसले तर कट नीट बसला. केस गालाला चिकटून सरळ खाली जात असतील तर कट बरोबर असूनही सेटिंग कमी पडतं आहे.

पार्लरमध्ये नेमकं काय सांगायचं?

कटचं नाव सांगण्यापेक्षा जागा बोटाने दाखवा. असं म्हणा: "ताई, खाली एकाच लांबीत सरळ कापा, इथपर्यंत. लेयर्स आणि थिनिंग नको. पुढे कर्टन बँग्स, पण केस कमी घ्या, भुवईच्या बाहेर जाऊ नका. आधी लांबच ठेवा, वाळवून मग ठरवू." शेवटी त्या 'पफ काढू का?' असं विचारतील, तेव्हा नको म्हणा.

घरी बाजूने फुगवटा कसा आणायचा?

ओल्या केसातले काही सूक्ष्म बंध पाण्यामुळे सुटतात आणि वाळताना केस ज्या आकारात असतो त्या आकारात ते पुन्हा जुळतात. उष्णता हे लवकर घडवते, पण आकार पक्का होतो तो केस थंड झाल्यावर. ब्रश गरम असतानाच काढून घेतला की दहा मिनिटांत सगळं पडतं. बहुतेकींचं सेटिंग इथेच बिघडतं.

फ्रिंज आधी वाळवा, कारण ती सर्वांत लवकर वाळते आणि वाकडी वाळली की पुन्हा ओली करावी लागते. मग बाकीचे केस टॉवेलने टिपून, लिंबाएवढा मूस हातावर घेऊन कानाच्या वरपासून खाली लावा, टाळूला नाही. केस साधारण ऐंशी टक्के हातानेच वाळवा. त्यानंतर दोन्ही बाजूंना, डोळ्याच्या पातळीपासून कानापर्यंतच्या केसांत प्रत्येकी दोन वेल्क्रो रोलर लावा, साधारण चार सेंटीमीटर व्यासाचे. केस चेहऱ्यापासून दूर, मागच्या दिशेने गुंडाळायचे. ड्रायरने मिनिटभर गरम हवा, नंतर थंड हवेचं बटण, आणि मग दहा मिनिटं तसेच सोडा. डोक्याच्या मध्यावर रोलर लावू नका.

कर्लर वापरत असाल तर तापमान १५० अंश सेल्सियसच्या आसपास पुरे. लाट गालफडाच्या पातळीपासून सुरू करा, शेवटचे दोन-तीन सेंटीमीटर सरळ सोडा. टोकांपर्यंत गोल केलेले केस आखूड होऊन आत वळतात आणि रुंदी जाते.

फ्रिंज दुपारपर्यंत तेलकट होऊन चिकटते. काय करावं?

फ्रिंजचं तेल पुष्कळदा कपाळाचं असतं. सकाळी क्रीम किंवा सनस्क्रीन लावल्यावर ते मुरेपर्यंत फ्रिंज क्लिपने वर ठेवा. रोज पूर्ण केस धुण्याची गरज नाही. बाकीचे केस बांधून, फक्त फ्रिंज बेसिनवर वाटाण्याएवढ्या शाम्पूने धुतली तर पाच मिनिटांत काम होतं. ड्राय शाम्पू वापरायचा तर चिकटल्यावर नाही, आधी, आणि तोही मुळाशी.

मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतला ओलावाच वळण मोडतो, कारण तेच बंध पुन्हा सुटतात. त्या दिवसांत सरळ केसांवर पक्की लाट टिकवण्याचा हट्ट धरू नये. फ्रिंज तिरकी वळवून भुवईवर एका साध्या पिनेने अडकवली तरी कपाळ झाकलेलंच राहतं.

तेल लावायचं की नाही?

लावा, पण धुण्याआधी. खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल तेल यांची तुलना करणाऱ्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केसातलं प्रथिन निघून जाणं कमी केलं ते खोबरेलानेच. बारीक केसांना त्याचा फायदा होतो. दोन चहाचे चमचे तेल कानाखालच्या लांबीला, तासभर, मग शाम्पू. धुतल्यानंतर दोन थेंब तेल लावायची सवय मात्र सोडा. जाड केसांना त्याने चकाकी येते, बारीक केस लगेच एकमेकांना चिकटतात. कंडिशनरही फक्त खालच्या अर्ध्या भागाला.

साडीवर किंवा लग्नात केस बांधायचे तर?

डोक्यावर केस उलटे विंचरून उभारलेला पफ हा नवरीच्या केशभूषेत जवळजवळ ठरलेला असतो. या चेहऱ्याला तो सर्वांत मारक. मोठं कपाळ, त्यावर पफ आणि कानांवरून मागे ओढलेले केस, यांनी चेहरा खूप लांब दिसतो.

अंबाडा खाली, मानेवर घाला आणि तो उंच न ठेवता आडवा पसरट ठेवा, म्हणजे समोरून कानांच्या मागे त्याच्या दोन्ही कडा दिसतील. गजराही वरून माळू नका, अंबाड्याभोवती अर्धगोल माळा, म्हणजे तो दोन्ही कानांमागून दिसेल. भांग बाजूला, कानशिलाचे केस कानाच्या वरच्या टोकावरून सैल मागे न्या. बांधून झाल्यावर कंगव्याच्या दांडीने कानांवरचे केस बोटाच्या पेराएवढे बाहेर ओढा.

मुंडावळ्यांची कपाळावरची आडवी ओळ या चेहऱ्याला फार शोभते. ती केसांच्या रेषेला चिकटवण्यापेक्षा कपाळाच्या मध्यावर येऊ द्या. चंद्रकोर लावत असाल तर ती भुवयांमध्ये न दाबता अर्धा-एक सेंटीमीटर वर लावा. मोकळ्या जागेचे दोन भाग पडतात. लांब लोंबत्या कानातल्यांपेक्षा कुड्या किंवा गोल झुबे बरे.

मला केस लांबच ठेवायचे आहेत. काहीच उपाय नाही का?

आहे. छातीपर्यंतच ठेवा, खालची कड सरळ किंवा अगदी हलकी गोलाई दिलेली, आणि फक्त पुढे कर्टन बँग्स घ्या. वेणी घालताना फ्रिंज आणि तिच्या लगतची बट बाहेर राहू द्या. वेणी मानेपासून सैल सुरू करा आणि एका खांद्यावरून पुढे घ्या. मागे घट्ट ओढलेली उंच पोनी रोज बांधत असाल तर सोडा. सततच्या ताणाने कपाळाच्या आणि कानशिलांच्या रेषेवरचे केस कायमचे जाऊ शकतात, आणि मुळात तिथेच तुमचे केस मोजके आहेत.

पुरुषांनी काय करावं?

हिशोब तोच. बाजूने अगदी बारीक आणि वर उंच, हा सध्याचा फेड या चेहऱ्यावर उलटा पडतो. बाजूला मशीन लावायचंच असेल तर चार नंबरपेक्षा, म्हणजे साधारण १३ मिलिमीटरपेक्षा कमी नको. कात्रीने तीन-चार सेंटीमीटर ठेवले तर आणखी चांगलं. वरचे केस मागे फिरवू नका. पुढे आणि किंचित तिरके, सहा-सात सेंटीमीटर लांब, कपाळाच्या वरच्या अर्ध्या भागावर पडू द्या. जेलने बारीक केसांच्या बटा होतात आणि टाळू दिसते, म्हणून मॅट क्ले, तीही हरभऱ्याएवढी. दाढी ठेवत असाल तर गालांवर भरीव आणि हनुवटीखाली आखूड.

स्मूदनिंग किंवा केराटिन केल्याने केस दाट दिसतील का?

नाही. या प्रक्रिया केस सरळ आणि सपाट करण्यासाठी असतात, आणि तुम्हाला नेमकं ते नको आहे. धुतल्यावर चमक येते, पण मुळाशी उभारी राहत नाही आणि फ्रिंज कपाळाला चिकटते. केस सरळ करणाऱ्या काही ट्रीटमेंटमधून गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, तो डोळ्यांना आणि श्वासाला त्रासदायक असतो.

कपाळ आधीपासून मोठं आहे की केस मागे सरकताहेत, हे कसं ओळखायचं?

पाच-दहा वर्षांपूर्वीचा, केस मागे बांधलेला फोटो शोधा. मग आरशासमोर भुवया जोराने वर उचला. कपाळाची सर्वांत वरची सुरकुती जिथे पडते, त्याच्या साधारण बोटभर वर मूळ केसांची रेषा असते. तुमची रेषा त्याहून बरीच मागे असेल तर केस सरकले आहेत.

बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी केस मोठ्या प्रमाणात गळतात आणि बहुधा वर्षभरात परत येतात. या काळात कपाळावर आखूड नवे केस दिसतात. तेव्हा नवी फ्रिंज कापू नका, त्या केसांचीच फ्रिंज होऊ द्या. भांग हळूहळू रुंद होत असेल तर मात्र कट बदलून भागणार नाही. केसांची रेषा पट्ट्यासारखी मागे जात असेल, तिथली त्वचा गुळगुळीत दिसत असेल आणि सोबत भुवयाही विरळ होत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे लवकर जा. या प्रकारात केसांची मुळं कायमची जातात, त्यामुळे उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितके केस वाचतात.

किती दिवसांनी पुन्हा कापावं लागतं?

फ्रिंज तीन ते चार आठवड्यांनी, खालची कड आठ ते दहा आठवड्यांनी. फ्रिंज घरी कापायची तर कोरड्या केसांवर, कात्री उभी धरून, एका वेळी दोन-तीन मिलिमीटर. ती वाढवून टाकायची असेल तर मध्ये कापूच नका. साधारण पाच महिन्यांत ती ओठांपर्यंत येते आणि चेहऱ्यालगतच्या बटेत मिसळून जाते.